चुकीचा फोटो गेला तर ‘एडिट’ने काय होतं आणि काय होत नाही

व्हॉट्सॲपवर गेलेला मेसेज आता दुरुस्त करता येतो, ही गोष्ट बहुतेक घरांत माहीत झाली आहे. त्यामुळे एक गैरसमजही पसरला आहे. लोकांना वाटतं की जसं चुकलेलं अक्षर नंतर सुधारता येतं, तसा चुकून गेलेला फोटोही नंतर बदलता येईल. तसं होत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोच्या जागी दुसरा फोटो बसवायची सोयच नाही. ‘एडिट’ केलं तर फक्त फोटोखालची ओळ बदलते, फोटो जसाच्या तसा समोर राहतो.

आम्ही शिक्षक मंडळी दिवसभर पालकांच्या ग्रुपमध्ये असतो, त्यामुळे हे प्रकार वरचेवर डोळ्यांसमोर येतात. गुणपत्रिकेच्या जागी बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान येतं. मुलाच्या आधार कार्डाऐवजी वडिलांचं येतं. लग्नसराईत तर घरच्या मुलींचे मेहंदीचे फोटो, जे फक्त बायकांमध्ये राहायला हवे होते, ते शंभर लोकांच्या ग्रुपमध्ये जाऊन पडतात. मग घाईघाईत माणूस हाताला येईल ते बटन दाबतो, आणि बरेचदा नेमकं चुकीचं दाबतो. म्हणून या लेखात एवढंच सांगायचं आहे: फोटो कुठल्या टप्प्यापर्यंत बदलता येतो, तो टप्पा गेला की काय उरतं, आणि ते कोणत्या क्रमाने करायचं.

चुकीचा फोटो निवडला जातो कसा

आधी चूक कुठे होते ते पाहू. फोनच्या गॅलरीत सगळ्यात नवा फोटो सगळ्यात आधी दिसतो. व्हॉट्सॲपवर ग्रुपमधून येणारे फोटोही बहुतेक फोनांत आपोआप याच गॅलरीत उतरतात. आता तुम्ही फोटो निवडायला गॅलरी उघडली आणि त्याच क्षणी एखाद्या ग्रुपमधून नवा फोटो आला, तर सगळी चौकट एक घर पुढे सरकते. बोट जिथे ठेवायचं ठरवलं होतं तिथे आता शेजारचा फोटो आलेला असतो. चौकोन नखाएवढे असतात, चष्मा जवळ नसतो, आणि लग्नातले एकापाठोपाठ एक काढलेले फोटो तर सारखेच दिसतात.

कागदपत्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायला गेलं तर यादीत फाईलचं नाव पाहूनच निवड करावी लागते. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोंची नावं `IMG-20250612-WA0007.jpg` अशा पद्धतीची असतात. आधी तारीख, मग त्या दिवसाचा क्रमांक. सात नंबर आणि आठ नंबर यांत कोणता उत्पन्नाचा दाखला आणि कोणतं रेशन कार्ड, हे नावावरून कळायला मार्ग नाही. ज्यांना फॉर्मसाठी वारंवार कागद पाठवावे लागतात त्यांनी फाईलचं नाव एकदाच बदलून ‘दाखला-२०२५’ असं ठेवलं, तर ही अडचण मुळातच मिटते.

पाठवण्याआधी: इथे सगळं तुमच्या हातात आहे

चॅटमध्ये जोडणीच्या खुणेवरून गॅलरी उघडून फोटोवर बोट ठेवलं की तो लगेच जात नाही. आधी तो पूर्ण स्क्रीनवर मोठा दिसतो, खाली ओळ लिहायची जागा येते आणि कोपऱ्यात पाठवण्याचा बाण असतो. हीच ती जागा जिथे फोटो खरोखर बदलता येतो. जोवर बाण दाबलेला नाही तोवर फोटो फक्त तुमच्या फोनमध्ये आहे.

एकच फोटो असेल आणि तो चुकीचा दिसला, तर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या फुलीवर किंवा फोनच्या मागे जाण्याच्या बटनावर दाबा. जोडलेला फोटो सुटतो, मग योग्य फोटो निवडा. फक्त एक ध्यानात ठेवा. खाली लांबलचक ओळ लिहून झाली असेल तर मागे जाण्याआधी ती बोटाने दाबून धरून कॉपी करून घ्या. नाहीतर फोटोबरोबर लिहिलेलंही जाऊ शकतं आणि पुन्हा टाइप करण्याच्या घाईत दुसरी चूक होते.

चार-पाच फोटो एकदम निवडले असतील आणि त्यांतला एकच नको असेल, तर सगळे सोडून द्यायची गरज नाही. मोठ्या फोटोखाली त्या सगळ्या फोटोंची छोटी पट्टी दिसते. नको असलेल्या छोट्या फोटोवर बोट ठेवा, तो मोठा होऊन समोर येईल. त्याच छोट्या फोटोवर पुन्हा बोट ठेवलं की कचऱ्याच्या डब्याची खूण येते. ती दाबली की तेवढा एक फोटो यादीतून निघतो, बाकीचे राहतात. गॅलरीतला मूळ फोटो यामुळे पुसला जात नाही, त्याची काळजी करू नका. मग जोडणीच्या खुणेने योग्य फोटो त्याच पट्टीत घालता येतो.

याच स्क्रीनवर ज्याला फोटो जाणार आहे त्याचं किंवा ग्रुपचं नाव लिहिलेलं असतं. फोटो बरोबर पण माणूस चुकीचा, हाही तितकाच सर्रास होणारा प्रकार आहे. विशेषतः गॅलरीतून ‘शेअर’ करताना आधी नावांची यादी येते आणि एकाच नावाचे दोन-तीन लोक असतात. तेव्हा बाण दाबण्याआधी दोन गोष्टींवर नजर टाकायची, फोटो आणि नाव. पट्टीत अनेक फोटो असतील तर प्रत्येकावर एकदा बोट फिरवून पाहायचं. कारण मोठा दिसतो तो एकच असतो, आणि चुकीचा फोटो बहुधा पट्टीत तिसऱ्या-चौथ्या जागी दडलेला असतो.

बाण दाबला, पण फोटो अजून वाटेत आहे

नेट संथ असेल तर बाण दाबल्यावरही काही सेकंद मिळतात. फोटोवर एक गोल फिरत राहतो आणि त्यात फुली असते. याचा अर्थ फोटो अजून वर चढतो आहे, पोहोचलेला नाही. त्या फुलीवर दाबलं की चढणं थांबतं. पण फोटो तुमच्या चॅटमध्ये तसाच पडून राहतो आणि त्यावर पुन्हा पाठवायची खूण येते. तो तिथे ठेवू नका. नंतर कधीतरी बोट लागून तोच फोटो निघून जाईल. दाबून धरून लगेच पुसून टाका.

नेट बंद असताना फोटो पाठवला असेल तर त्याच्या कोपऱ्यात घड्याळाची छोटी खूण दिसते. घड्याळ आहे म्हणजे तो अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. या अवस्थेत पुसला तर तो निघतच नाही. काही जण चूक लक्षात आल्याबरोबर फोन विमान मोडवर टाकतात. घड्याळ दिसत असेल तर याचा उपयोग आहे. पण एक बरोबरची खूण आली असेल तर फोटो तुमच्या फोनमधून बाहेर पडला, आता तुमचं नेट बंद करून काही थांबत नाही. उलट तुम्ही स्वतःचाच मार्ग अडवता, कारण फोटो मागे घेण्यासाठीही नेट लागतं.

एडिट केल्याने फोटो का बदलत नाही

व्हॉट्सॲपने मेसेज एडिट करायची सोय 2023 साली आणली. पाठवल्यापासून 15 मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरला की `Edit` मिळतं. फोटोखालची ओळही याच मुदतीत बदलता येते. बदलल्यावर वेळेच्या शेजारी एडिट केल्याची खूण येते. फोटो मात्र त्यातून बदलत नाही.

यामागचं कारण समजलं तर पुढचं सगळं सोपं होईल. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तुमचा फोन आधी त्या फोटोला कुलूप लावतो, मग तो कुलूपबंद फोटो कंपनीच्या सर्व्हरवर चढवतो, आणि समोरच्याला किल्ली वेगळी पाठवतो. समोरचा फोन तो फोटो उतरवून घेतो आणि किल्लीने उघडतो. म्हणजे ग्रुपमध्ये पन्नास माणसं असतील तर पन्नास फोनांमध्ये त्या फोटोच्या पन्नास प्रती तयार होतात. ती भिंतीवर लावलेली एकच नोटीस नसते, जी काढून दुसरी चिकटवता येईल. घरोघर वाटलेल्या पत्रिकेसारखा तो प्रकार आहे. खालची ओळ म्हणजे थोडासा मजकूर. ‘जुन्या ओळीऐवजी ही दाखवा’ असा निरोप सगळ्या फोनांना जातो आणि ओळ बदलते. फोटोसाठी असा बदलाचा निरोप व्हॉट्सॲपने ठेवलेला नाही. फोटोसाठी एकच निरोप आहे: ‘हा मेसेज काढून टाका.’

म्हणून चुकीचा फोटो गेल्यावर `Edit` दाबून खाली ‘हा फोटो चुकून आला, पाहू नका’ असं लिहिणं म्हणजे त्या फोटोकडे बोट दाखवण्यासारखं आहे. ज्याने पाहिला नव्हता तोही आता उघडून पाहतो.

पाठवल्यानंतरचा रस्ता: आधी मागे घ्या, मग नवा पाठवा

एक उदाहरण घेऊन पूर्ण क्रम पाहू. समजा मुलीच्या रिश्त्यासाठी बायोडेटा आणि एक साधा फोटो मामूंना पाठवायचा आहे. अम्मींनी रात्री 9 वाजून 10 मिनिटांनी गॅलरी उघडली. मुलीचा ओढणी घेतलेला फोटो आणि मेहंदीच्या रात्रीचा सगळ्या चुलत-मावस बहिणींचा फोटो शेजारी-शेजारी होते. शिवाय वरून दुसरी चूक झाली. मामूंच्या नावाऐवजी ‘खानदान’ नावाच्या ग्रुपवर बोट पडलं. त्या ग्रुपमध्ये 48 माणसं आहेत, त्यांत जावई आहेत, त्यांचे भाऊ आहेत, दूरचे नातेवाईकही आहेत. फोटोखाली ओळ आहे: ‘मुलीचा फोटो, पाहून कळवा.’ 9 वाजून 12 मिनिटांनी लहान मुलगी ओरडते, “अम्मी, हा फोटो ग्रुपमध्ये कसा गेला?”

आता पहिलं काम फोटो मागे घेण्याचं. फोटो दाबून धरायचा, वर कचऱ्याच्या डब्याची खूण येते ती दाबायची. मग पर्याय समोर येतात. त्यांत `Delete for everyone` म्हणजे सगळ्यांच्या फोनमधून काढा, आणि `Delete for me` म्हणजे फक्त माझ्या फोनमधून काढा. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. घाबरलेला माणूस `Delete for me` दाबतो, स्वतःच्या स्क्रीनवरून फोटो नाहीसा होतो आणि त्याला तसल्ली मिळते की काम झालं. प्रत्यक्षात बाकीच्या 47 जणांकडे फोटो तसाच आहे. आणि आता तो मागे घ्यायला अम्मींच्या फोनमध्ये दाबायला मेसेजच उरलेला नाही.

असं झालंच तर स्क्रीनच्या खाली काही सेकंद `Undo` दिसतं. तेवढ्यात ते दाबलं की मेसेज परत येतो आणि मग `Delete for everyone` करता येतं. तीही वेळ गेली तर ग्रुपच्या ॲडमिनला लगेच फोन करायचा. ॲडमिनला दुसऱ्याने टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो. इथे मेसेज लिहीत बसू नका, फोनच करा. ॲडमिन व्हॉट्सॲप तासाभराने उघडतील, फोन लगेच उचलतील.

आपल्या उदाहरणात अम्मींनी `Delete for everyone` बरोबर दाबलं असं धरू. फोटोच्या जागी ‘हा मेसेज काढून टाकला आहे’ अशा अर्थाची ओळ सगळ्यांना दिसते. ही ओळ राहणारच, ती लपवता येत नाही. कुणी विचारलं तर ‘चुकून दुसरा फोटो आला होता’ एवढं उत्तर पुरतं.

दुसरं काम योग्य फोटो पाठवण्याचं, आणि तो ग्रुपला नाही तर मामूंना. बरेच लोक हा क्रम उलटा करतात. आधी योग्य फोटो शोधून पाठवतात, मग ‘वरचा फोटो चुकीचा आहे’ असं लिहितात, आणि शेवटी जमलं तर जुना काढतात. त्या चार-पाच मिनिटांत आणखी दहा जण ग्रुप उघडतात. योग्य फोटो पाच मिनिटं उशिरा गेला तर काही बिघडत नाही, चुकीचा पाच मिनिटं जास्त राहिला तर बिघडतं.

तिसरं काम, ज्यांनी फोटो पाहिला असेल त्यांना साध्या शब्दांत सांगणं. असं लिहिता येईल: ‘अस्सलामु अलैकुम. 9 वाजून 10 मिनिटांनी एक घरगुती फोटो चुकून ग्रुपमध्ये आला होता. कुणाच्या फोनमध्ये उतरला असेल तर मेहरबानी करून काढून टाकावा आणि पुढे पाठवू नये.’ फोटोत कोण होतं, काय होतं, याचं वर्णन करायचं नाही. आणि त्या फोटोत ज्या मुली होत्या त्यांना, किंवा त्यांच्या अम्मींना, घरातल्या कुणीतरी स्वतः कळवायचं. फोटो त्यांचा होता. ही बातमी त्यांना तिसऱ्याकडून कळणं जास्त लागतं.

मागे घेण्याच्या मर्यादा

`Delete for everyone` साठी दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणजे रात्री गेलेला फोटो सकाळी लक्षात आला तरी उशीर झालेला नसतो. ‘आता तर सगळ्यांनी पाहिला असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या ग्रुपमध्ये निम्मे लोक दुसऱ्या दिवशीही मागचे मेसेज वर सरकवून पाहतात.

पण मागे घेतलं म्हणजे पूर्ण पुसलं गेलं, असंही समजू नये. ज्याचा फोन बंद आहे किंवा नेट नाही, त्याच्यापर्यंत काढून टाकायचा निरोप पोहोचलेला नसतो. त्याच्या फोनमध्ये फोटो आधीच उतरला असेल तर नेट येईपर्यंत तो तिथेच दिसतो. आयफोनवर फोटो आपोआप फोनच्या अल्बममध्ये जात असतील, तर चॅटमधून गेल्यावरही तिथली प्रत राहू शकते. कुणी तो आधीच दुसरीकडे फॉरवर्ड केला असेल, तर तुमच्या काढण्याने तिकडची प्रत जात नाही. स्क्रीनशॉटचंही तेच. आणि काढणं कुणाच्या फोनमध्ये यशस्वी झालं नाही, तर व्हॉट्सॲप तुम्हाला तसं कळवतही नाही. वर सांगितलेला साध्या शब्दांतला निरोप म्हणूनच गरजेचा आहे. यंत्र जिथे पोहोचत नाही तिथे माणसालाच विनंती करावी लागते.

खुणांवरून थोडा अंदाज येतो. एक खूण म्हणजे फोटो निघाला पण समोरच्या फोनमध्ये पोहोचला नाही. दोन राखाडी खुणा म्हणजे पोहोचला. निळ्या म्हणजे चॅट उघडलं गेलं. एकाच माणसाला पाठवलेला फोटो एका खुणेवर असताना मागे घेतला, तर तो पाहिला जाण्याची शक्यता फारच कमी. ग्रुपमध्ये खुणा निळ्या व्हायला सगळ्यांनी पाहावं लागतं, त्यामुळे राखाडी खुणा पाहून ‘कुणी पाहिलं नाही’ असं समजू नका. मेसेज दाबून धरून `Info` उघडलं की कुणाकुणाला पोहोचला आणि कुणी पाहिला त्यांची नावं मिळतात. पण फोटो नाजूक असेल तर ही यादी वाचत बसू नका, आधी काढा.

फोटो आधार कार्ड, पासबुक असा कागद असेल तर आणखी एक विचार करायला हवा. कागद अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये पडला असेल तर तो मागे घेऊनही त्यावरचे नंबर कुणी टिपून घेतलेले असू शकतात. आधारच्या बाबतीत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं. बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनवर पुढचे काही आठवडे कोणताही ओटीपी सांगायचा नाही, हे घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगा. आणि पुढच्या वेळी शक्य असेल तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क केलेलं आधार वापरा. तेही त्याच संकेतस्थळावर मिळतं. मग तो फोटो चुकीच्या जागी गेला तरी पूर्ण नंबर बाहेर जात नाही.

घरच्या मुलीचा फोटो घेऊन कुणी धमकावत असेल, किंवा विनंती करूनही मुद्दाम पसरवत असेल, तर ते चुकीने झालेलं राहत नाही. अशा वेळी तो मेसेज, नंबर आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवून cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. तिथे आपल्या मुलीला दोष देऊन गोष्ट दाबून ठेवली, तर धमकी देणाऱ्याचंच फावतं.

टेलिग्रामवर फोटो खरोखर बदलता येतो

शिकवणीवर्ग, स्पर्धा परीक्षांचे गट यांत टेलिग्राम बरंच वापरलं जातं, आणि तिथला नियम वेगळा आहे. टेलिग्रामच्या नेहमीच्या चॅटमधले मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेले असतात आणि सगळे फोन तिथूनच वाचतात. वर म्हटलेली भिंतीवरची नोटीस ती हीच. म्हणून तिथे जुन्या मेसेजमधला फोटो काढून त्याच जागी दुसरा बसवता येतो.

मेसेज दाबून धरा, पेन्सिलची `Edit` खूण दाबा, मग फोटो बदलण्याचा पर्याय निवडून नवा फोटो घ्या आणि बरोबरच्या खुणेने पक्कं करा. एकमेकांच्या चॅटमध्ये आणि ग्रुपमध्ये यासाठी 48 तास मिळतात. चॅनल चालवणाऱ्याला आपल्या जुन्या पोस्ट त्यानंतरही बदलता येतात.

समजा वर्गाच्या चॅनलवर सहामाही परीक्षेचं वेळापत्रक टाकलं, पिन केलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो मागच्या वर्षीचा फोटो आहे. इथे नवा मेसेज टाकण्यापेक्षा त्याच मेसेजमधला फोटो बदलणं चांगलं. मुलं पिन केलेला मेसेजच उघडतात, आणि दोन वेळापत्रकं समोर असली की अर्धी मुलं जुनंच पाहतात. पण यात एक धोका आहे. मेसेज बदलला म्हणून कुणाच्या फोनची घंटी वाजत नाही. ज्या मुलाने काल वेळापत्रक पाहून वहीत उतरवलं त्याला बदल झाल्याचं कळणारच नाही. तो गणिताच्या दिवशी भूगोल वाचून येईल. म्हणून फोटो बदलताना खालच्या ओळीत लिहायचं, ‘वेळापत्रक मंगळवारी सकाळी बदललं आहे, आधीचं धरू नये’, आणि त्यासोबत एक छोटा नवा मेसेजही टाकायचा, म्हणजे सगळ्यांना सूचना जाईल.

टेलिग्रामवरही ज्याने जुना फोटो आपल्या फोनमध्ये साठवून घेतला, त्याच्याकडे तो राहतोच. वेळापत्रकासाठी ही सोय उत्तम आहे. पण घरगुती फोटो चुकून गेला असेल तर तिथेही फोटो बदलत बसू नका, मेसेजच पूर्ण काढा. टेलिग्रामवर मेसेज सगळ्यांसाठी काढला की त्या जागी कसलीही ओळ उरत नाही.

घरातल्या मोठ्यांना एवढं दाखवून ठेवा

हा सगळा लेख वाचून घरातले नाना-नानी लक्षात ठेवतील असं नाही. त्यांच्यासाठी एखाद्या संध्याकाळी पाच मिनिटं काढा. त्यांच्याच फोनवरून स्वतःच्या नंबरवर फुलाचा एखादा फोटो पाठवायला सांगा, आणि मग तो `Delete for everyone` ने मागे घ्यायला लावा. दोन पर्यायांतला फरक बोटाला एकदा कळला की घाबरलेल्या वेळीही हात बरोबर जागी जातो. फोन मराठी किंवा उर्दूमध्ये असेल तर तिथे हे शब्द कसे दिसतात तेही त्याच वेळी पाहून घ्या, कारण ऐन गडबडीत इंग्रजी नाव आठवून त्याचा अर्थ लावायला वेळ नसतो. आणि त्यांना एवढं सांगा की चुकून फोटो गेला तर रागावणार नाही, फक्त लगेच हाक मारा. लपवून ठेवलेल्या चुकीत तो दोन दिवसांचा वेळ निघून जातो.